फोन कुणाचंही ऐकतो

त्या महिन्यात आमच्या घरात माणसं दोन आणि चालता हात एकच होता, तोही माझा डावा. उजवा मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. ह्यांचे दोन्ही हात तीन वर्षांपासून चादरीवर नुसते ठेवलेले. खांदे उचलता येतात, कोपरं थोडी वाकतात, बोटं मात्र हलत नाहीत. मान मोडली तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून बरंच समजावलं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं, की जे उरलंय त्यातच भागवायचं.

माझं मनगट मोडलं ते न्हाणीघरात. पाय सरकला आणि मी दारामागे अशी अडकून पडले की दार उघडेना आणि मला उठता येईना. हे पलीकडच्या खोलीत. ह्यांचा फोन टेबलावर, पलंगापासून हातभर लांब, आणि तो हातभर म्हणजे ह्यांच्या दृष्टीने दुसरा जिल्हा. ह्यांनी हाका मारल्या, पण मानेच्या दुखण्याने श्वासच निम्मा झालाय, आवाज समोरच्या फ्लॅटपर्यंत जात नाही. संध्याकाळी ह्यांचं करायला ठेवलेला माणूस, ज्याला आम्ही भाऊ म्हणतो, तो आला तोवर मी थंड फरशीवर, आणि हे छताकडे बघत, माझं नाव घेत. मनगटाचं मला तेवढं वाटलं नाही. एके काळी थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही पुरणारा तो आवाज एका भिंतीपलीकडे जात नाही, हे त्या दिवशी मी फरशीवर पडल्या पडल्या ऐकलं. ते फार लागलं.

लेक दुसऱ्या दिवशी आली. प्लास्टर बघितलं, बापाकडे बघितलं आणि पिशवीतून एका केअर होमचं माहितीपत्रक काढलं. हिरवळ, खुर्च्या, हसणारे म्हातारे. तिथे चोवीस तास माणूस असतो, म्हणाली. भाऊ सकाळी आणि संध्याकाळी येतो, पण मधल्या दुपारी इथे कुणी नसतं. तुला काही झालं तर बाबांना साधा फोन करता येत नाही. मी म्हटलं, आम्ही कुठेही जाणार नाही. ती म्हणाली, तू नको जाऊस, पण बाबांना तरी ठेवू. हे पत्रकावरच्या हिरवळीकडे बघत होते. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला असं वाटणीत काढतात काय, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण ती रडत होती, म्हणून मी गिळलं.

तेवढ्यात थेरपिस्ट आली. ही हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागातली मुलगी, आठवड्यातून एकदा ह्यांच्या खांद्यांना आणि कोपरांना व्यायाम द्यायची. तोंडात काडी धरून फोन वापरायची युक्ती तिनेच मागे शिकवली होती, पण ह्यांची मान दुखायला लागली आणि काडी टेबलाच्या खणात गेली. तिने लेकीचं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, काकांचा फोन ह्याला पुरणार नाही, तुमच्याकडे एखादा जुना पण धड फोन आहे का? लेकीकडे होता, नवा घेतल्यामुळे पडून असलेला. थेरपिस्ट म्हणाली, मग आधी हे करून बघू या, पत्रक कुठे पळून जात नाही.

फोनशी बोलून फोन लावता येतो हे मला माहीत होतं. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, काकू, ते वेगळं. तिथे तुम्ही मदतनिसाला एक काम सांगता आणि तो जमलं तर करतो. हे म्हणजे अख्खा फोन. बोटाने जे जे करता येतं, दाबणं, सरकवणं, मागे जाणं, लिहिणं, खोडणं, ते सगळं तोंडाने. मला ते पटलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं काहीतरी असणार, असं वाटलं.

तिने आधी फोनकडे बघितलंच नाही, पलंगाकडे बघितलं. पलंगाच्या लोखंडी कडेला घट्ट चावणारी आणि हवी तशी वाकणारी एक दांडी आणली होती, तिच्या टोकाला फोन अडकवला. ह्यांच्या डोळ्यांसमोर, पण चेहऱ्यावर पडणार नाही असा. चार्जरची वायर दांडीला गुंडाळून कायमची लावली. मग सेटिंग्ज उघडून अॅक्सेसिबिलिटीमध्ये गेली, तिथे व्हॉइस कंट्रोल नावाचा भाग होता. तो सुरू केल्यावर फोनने वायफायवरून काहीतरी उतरवून घ्यायला वेळ घेतला. ती म्हणाली, हे एकदाच, नंतर इंटरनेट गेलं तरी आज्ञा चालतात, कारण ऐकण्याचं काम फोनच्या आतच होतं.

भाषेपाशी आल्यावर मी पुढे सरकले. मराठी त्यात नव्हती. इंग्रजीच निवडावी लागली, मात्र तिचे चार-पाच प्रकार होते, त्यातला आपल्या उच्चारांच्या जवळचा तिने घेतला. मी म्हटलं, म्हणजे आता ह्या वयात ह्यांनी साहेबी बोलायचं. हे पहिल्यांदाच बोलले, म्हणाले, मी एका नाटकात इन्स्पेक्टर होतो, सगळे हुकूम इंग्रजीतच सोडायचो. ते खरं होतं. तिसऱ्या अंकात यायचे, दोन हुकूम द्यायचे आणि हातकड्या विसरायचे.

ती एकेक गोष्ट लावत गेली. फोन आपोआप बंद पडून कुलूप लागू नये म्हणून ती वेळ 'कधीच नाही' अशी ठेवली. लागलंच तर चेहरा बघून उघडावं म्हणून ह्यांचा चेहरा ओळखवला. तेव्हा मान वळवताना हे दमले, मग थांबत थांबत केलं. आलेला किंवा केलेला फोन आपोआप स्पीकरवर जावा अशी सोय केली, कारण कानाला लावायचा कुणी? आणि पडद्यावरच्या दाबण्याच्या प्रत्येक जागेवर छोटा आकडा दिसत राहील असं केलं. नाव वाचता येईना, चित्राचा अर्थ लागेना, तरी आकडा सांगितला की काम झालं. जिथे आकडाच येत नाही तिथे 'शो ग्रिड' म्हणायचं, मग पडद्यावर चौकटी पडतात आणि त्यातली हवी ती सांगत जागा लहान करत जायची.

"आता म्हणा, ओपन फोन," ती म्हणाली.

हे म्हणाले. आणि फोन उघडला. कुणाचंही बोट न लागता. मला खरं सांगायचं तर अंगावर काटा आला, पण मी तो दाखवला नाही. मी म्हटलं, फॅन बंद करू का, आवाज येतो. थेरपिस्ट म्हणाली, फॅन चालेल, टीव्ही मात्र बंद हवा.

झोपवायचं आणि उठवायचंही शिकवलं. आपसात गप्पा मारायच्या असतील तर 'गो टु स्लीप' म्हणायचं, की फोन कान मिटतो. परत हवा असला की 'वेक अप'. शेवटी तिने अडीअडचणीसाठी एक खास आज्ञा तयार केली: आपण ठरवलेले शब्द उच्चारले की फोन थेट समोरच्या फ्लॅटमधल्या शिक्षिकाबाईंना लागेल. शब्द असे निवडा, म्हणाली, की रोजच्या बोलण्यात येणार नाहीत पण घाबरल्यावर आठवतील. ह्यांनी विचारही केला नाही. म्हणाले, "थर्ड बेल." तिसरी घंटा वाजली की नटाच्या हातात काही उरत नाही, जे व्हायचं ते होतं.

लेकीला ह्या सगळ्यात आशा दिसली, पण ती माझीच लेक, सहज कशी ऐकणार. खास शब्दांवर तिचा भरवसा नव्हता, ऐन वेळी चालले नाहीत तर? तिने अट घातली. पुढच्या रविवारी ती येईल, आम्ही दोघी घराबाहेर थांबायचं, आणि बाबांनी ते खास शब्द न वापरता, आपलं आपण, तिला फोन लावायचा. जमलं तर दुपारी एकटं राहायला तिची हरकत नाही. नाही जमलं तर केअर होमची खोली नक्की करायची. हे म्हणाले, ठरलं. मला कुणी विचारलंच नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी ह्यांच्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात टाकायचा, असा की त्याला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. लोकांना वाटतं ह्यात काय मोठंसं. पण वाचून कुणीही दाखवेल. खरी कला म्हणजे न वाचणं. नट गप्प झाला तर तो विसरलाय की थांबलाय, हे कळायला हवं. विसरलेल्याला शब्द दिला नाही तर नाटक पडतं, आणि थांबलेल्याला दिला तर त्याचा जीव ओतून उभा केलेला क्षण पडतो. मग तो अंक संपल्यावर विंगेत येऊन जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

ह्यांच्या बाबतीत मी कधी चुकले नाही. ह्यांची एक खूण होती, जी फक्त विंगेतून दिसायची. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, आणि विसरले की उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागायचा. चेहऱ्यावर काही नाही, प्रेक्षकांना पत्ताही नाही. अंगठा फिरला की मी शब्द द्यायची. अंगठा स्थिर असेल तर मी बॅटरी विझवून बसायची. लग्नही त्या अंगठ्यामुळेच झालं म्हणायचं. मी इतकी वर्षं एका माणसाच्या हाताकडे बघत होते, बाकीच्यांकडे बघायला वेळ कुठे होता.

ते दिवस काही सोन्याचे नव्हते. गाडीच्या टपावर पडदे आणि खिडक्या-दरवाजे, आत आम्ही, कुणाच्या मांडीवर मुकुट, कुणाच्या खांद्यावर कुणाचं डोकं. आणि पुढच्या बाकावर दाढी. खरं म्हणजे त्याला दाढी नव्हती, पण प्रत्येक नाटकात तो खोटी दाढी लावायचा म्हणून ते नाव पडलं. हे आणि दाढी, दोघांच्या गप्पा सुरू झाल्या की ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू चालवायचा. काय बोलायचे देव जाणे, पण हे असे हसायचे की गाडीच्या पत्र्यावर हात आपटायचे. मी मागून ओरडायची, अहो, आवाज जपा, संध्याकाळी प्रयोग आहे. आता ते आठवलं की वाटतं, कशाला ओरडले. हसू द्यायचं होतं अजून.

शेवटच्या प्रयोगानंतर सेट सोडताना रंगमंचाच्या फळ्यांमधलं, तळघरात उतरायचं झाकण उघडं राहिलं होतं आणि हे मागे सरकत सरकत त्यात पडले, मान मोडली ती तेव्हाच. दाढी पुष्कळ दिवस हॉस्पिटलात येत होता. मग तो मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला आणि फोन करू लागला. मी फोन ह्यांच्या कानाशी धरायची. "बरा आहेस ना?" "बरा आहे." "तू?" "मीही." पाच मिनिटांत संपायचं. मला वाटायचं, म्हातारे झाले, बोलायला काही उरलं नसेल.

तर सराव सुरू झाला. आणि पहिल्याच दुपारी आम्ही बँकेच्या ग्राहकसेवेला फोन लावला.

झालं असं, की हे फोनकडे बघत होते, पडद्यावर आकडे होते, आणि हे गप्प. मी शेजारीच खुर्चीवर. थोडा वेळ गेला. मग आणखी थोडा. लेकीच्या नावावरचा आकडा मला स्पष्ट दिसत होता. मी हळूच म्हटलं, टॅप फोर. विंगेतून सांगायची तसंच, फुसफुसत. नेमकं त्याच क्षणी ह्यांनी 'स्क्रोल डाउन' म्हटलं, यादी सरकली, आणि चार नंबरवर बँक आली. मग बराच वेळ आम्ही दोघं स्पीकरवर बासरी ऐकत बसलो, कारण तो फोन बंद कसा करायचा ते मी सांगत होते आणि हेही सांगत होते, आणि फोन बिचारा दोघांचं थोडं थोडं करत होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लेकीला तिच्या मीटिंगमध्ये कोरा निरोप गेला, मग अर्धा, मग त्यात माझं बोलणं. इन्स्पेक्टरसाहेबांचे हुकूम बरोबर होते, मी मध्ये पडत होते. पण त्या वेळी मला तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं यंत्र फालतू आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्याला लागू पडतंय असं कुणालाच वाटत नसतं.

थेरपिस्ट आठवड्याच्या व्यायामाला आली तेव्हा मी तक्रारींचा पाढा वाचला. तिने आम्हाला करून दाखवायला सांगितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आम्ही दाखवलं. मग तिने जे सांगितलं ते फार सभ्यपणे सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं. म्हणाली, "काकू, हा फोन माणूस ओळखत नाही. जो बोलेल त्याचं ऐकतो. खोलीत आज्ञा देणारं एकच तोंड हवं."

मी म्हटलं, मग तो फक्त ह्यांचंच ऐकेल असं काही करून दे. ती म्हणाली, एक सोय आहे, ह्यांचं फोनकडे लक्ष असेल तेव्हाच तो ऐकेल आणि मान वळवली की झोपेल. ती तिने लावूनही दिली. पण तिचा उपयोग गप्पांपुरता. हे फोनकडे बघत गप्प असताना मी बोलले की फोन माझं ऐकणारच. आणि मी बोलायची नेमकी तेव्हाच.

ती गेल्यावर हे म्हणाले, "मी विसरलो नव्हतो. वाचत होतो."

"मला कसं कळणार?" मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझं लक्ष चादरीकडे गेलं. उजवा हात तिथे होता, भाऊने सकाळी ठेवला तसाच, अंगठा बोटांच्या बाजूला पडलेला. तीन वर्षं मी त्याच्याकडे बघत होते आणि तो मला काही सांगत नव्हता. विसरले तरी तसाच, थांबले तरी तसाच. म्हणून मी प्रत्येक शांततेत शब्द टाकत आले होते. डॉक्टरांपुढे, भाऊपुढे, पाहुण्यांपुढे, दाढीच्या फोनवरसुद्धा. हे तोंड उघडायच्या आत मी ह्यांचं वाक्य पुरं करायची. मला रडू आलं. डावा हात ह्यांच्या हातावर होता आणि प्लास्टरच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ते तसेच वाहू दिले. ह्यांनी खांदा उचलून माझ्या खांद्याला लावला.

त्या दिवसापासून सरावाच्या वेळी मी स्वयंपाकघरात. दार लोटून. भांडी डाव्या हाताने घासायची तर आवाज होतो, म्हणून तेही नाही, नुसतं बसायचं. तोंडाला कुलूप लावणं मला कधी जमलं नव्हतं, मग मी तोंडात बडीशेप धरून बसायची. आतून काही ऐकू यायचं नाही, एवढा ह्यांचा आवाज आता कुठे. मध्येच घड्याळाचा गजर वाजायचा आणि थांबायचा. एकदा एका जुन्या गाण्याच्या दोन ओळी आल्या, बंद झाल्या, परत आल्या. काय चाललंय ते विचारायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. विचारलं मात्र रोज. हे म्हणायचे, चाललंय.

रविवारी लेक आली. भाऊने ह्यांना स्वच्छ करून, उशा लावून अर्धं बसतं केलं आणि तो गेला. थेरपिस्ट सुट्टी असूनही येऊन दांडीचा कोन बघून गेली, म्हणाली, माझं काम झालं, आता त्यांचं. आम्ही दोघी बाहेर पडलो, दार ओढून घेतलं, किल्ली लेकीच्या मुठीत. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. लेकीने तिचा फोन दोन्ही हातांत धरला होता.

वाट बघितली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाजी घेऊन गेले, काय बसलात म्हणाले, सहज म्हटलं. समोरच्या शिक्षिकाबाईंनी दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं. फोन वाजला नाही. लेकीने आवाज मोठा आहे ना ते तपासलं. मी भिंतीकडे बघत बसले. भिंतीपलीकडे ह्यांचा पलंग, पण कान लावून काय ऐकणार.

इतकी शांतता रंगमंचावर असती तर लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. माझ्या ओठांवर सगळं तयार होतं. ओपन फोन. टॅप फेव्हरिट्स. तिसरी आपली लेकच आहे, तीन म्हणा, अहो तीन म्हणा. मी बडीशेपही आणली नव्हती.

लेक उठली. म्हणाली, आई, जमत नाहीये त्यांना, उगाच घाबरले असतील, दार उघडते. किल्ली कुलपात गेली. मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"विसरले असतील गं," ती म्हणाली.

"विसरले असतील तर आठवतील," मी म्हटलं. "तू बस."

मला काहीही माहीत नव्हतं. खूण दिसत नव्हती, मध्ये भिंत होती, आणि त्या खोलीच्या बदल्यात एक हिरवळवाली खोली वाट बघत होती. तरी मी तिचं मनगट सोडलं नाही.

मग तिचा फोन वाजला. तिने तो कानाला न लावता मध्ये धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ऐकू येतंय का?" हे म्हणाले.

"येतंय, बाबा. इतका वेळ?"

"मध्येच एक मोठी सूचना आली पडद्यावर. फोन नवा करून घ्यायचा की नंतर, असं काहीतरी. ती वाचली."

"पूर्ण?"

"पूर्ण. मग नंतर म्हटलं. एरवी तुझी आई आधीच दाबून टाकते, मला कधी वाचायला मिळत नाही."

लेक हसत होती आणि नाकही ओढत होती. तिने किल्ली फिरवली. माहितीपत्रक तिच्या पिशवीत होतं, ते तिने तिथेच जिन्यात चुरगाळलं, आणि टाकायला जागा नव्हती म्हणून परत पिशवीत ठेवलं. आम्ही आत गेलो. हे उशांना टेकून होते, घामेजलेले, चेहरा मात्र पहिल्या प्रयोगानंतरचा. मी सवयीने पदराने कपाळ पुसलं आणि सवयीनेच फोनकडे हात नेला, म्हटलं, दमलात, बंद करून ठेवते.

"राहू दे," हे म्हणाले. "मला अजून एक फोन करायचाय."

"कुणाला? सांगा, मी धरते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विंगेतून निघायच्या आधी माझ्याकडे बघायचे तसं, आता मी जातो म्हणून.

"तू बाहेर बस थोडा वेळ," हे म्हणाले. "दार ओढून घे."

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं, पूर्ण, कडीचा आवाज येईपर्यंत. लेक ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं ज्या माणसाचा शब्द न् शब्द माझ्या मांडीवर उघडा होता, त्याने मला बाहेर बसवलं. आणि त्याच वेळी मनातून असं हलकं वाटत होतं, की मी चक्क पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. दुपारच्या त्या वेळी मी कधी बसलेली नव्हते.

पाणी उकळायला लागलं तेव्हा आतून हसणं आलं. पहिल्यांदा मला कळलंच नाही कुणाचं ते. मग दाराच्या फळीतून ते परत आलं, मोठं, श्वास तोडून परत सुरू होणारं, आणि त्याच्यावर फोनमधून दाढीचं फाटकं हसणं. म्हणजे बोलायला उरलं नव्हतं असं नाही. माझ्या हातातल्या फोनमध्ये ते बोलता येत नव्हतं, एवढंच.

लेक गाळणी हातात धरून दाराकडे बघत राहिली. तिने हे हसणं लहानपणी ऐकलं असेल, त्यानंतर नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "एवढं काय बोलतायत गं बाबा?"

"मला काय माहीत," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.